नबीभाईचं पावशेर दूध

गुलाम नबी कल्हईवाल्याला हिंगोलीत सगळे चिक्कू म्हणायचे. ज्यांनी त्याला हे नाव ठेवलं त्यांच्यावर माझा आजही राग आहे, आणि तो लपवून मी हे लिहिणार नाही.

तेव्हा आमचा तालुका परभणी जिल्ह्यात होता. मी गावातल्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचो आणि नबीभाईच्याच गल्लीत भाड्याने राहायचो. सकाळी माझ्या खिडकीखाली त्याचा भाता सुरू व्हायचा. जमिनीत खळगा, त्यात कोळसा, वर उलटंपालटं होणारं पितळी पातेलं, नवसागराचा पांढरा धूर, आणि त्या धुरात खोकणारा हा उंच, वाकलेला माणूस. पन्नाशीचा होता, पण छाती त्या धुराने आधीच म्हातारी झाली होती. गावातलं काम उरकलं की सामान सायकलला बांधून तो गोरेगावच्या बाजाराला, नाहीतर कनेरगाव नाक्याकडे जायचा. घरी बायको जाहेदा आणि एकुलती एक मुलगी कमरुन्निसा. वर्षाची कमाई बाराशे रुपये, म्हणजे महिन्याला शंभर. स्टीलची भांडी घराघरांत शिरू लागली होती, त्यामुळे ती वाढायचं नाव घेत नव्हती.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. माणसं खडी फोडायला गेली, गुरं कवडीमोलाने गेली. त्या वर्षी दुष्काळी कामांवर मजुरांच्या लेकरांसाठी रांधायची मोठमोठी पितळी पातेली होती, आणि कल्हई नसलेल्या पितळेत अन्न कळकतं. चार तालुक्यांतल्या पातेल्यांचं काम नबीभाईला मिळालं. वर्षभर तो या कामावरून त्या कामावर हिंडला. नेहमीचे बाराशे होतेच, वर आणखी बाराशे आले. एकूण चोवीसशे.

गल्लीला वाटलं, आता दावत होणार. दावत झाली नाही. जाहेदाला नवी साडी नाही, घरावर नवे पत्रे नाहीत. नबीभाईने जादाचे बाराशे येतील तसे पोस्टात टाकले. घरात बदल झाला तो एवढाच की कामाच्या पहिल्या महिन्यापासून रोज सकाळी पावशेर दूध येऊ लागलं. डॉक्टरांनी त्याला छातीसाठी दूध सांगितलं होतं आणि त्याला ते कधी परवडलं नव्हतं. महिन्याला त्याचे दहा रुपये व्हायचे.

"नबीभाई, एवढी कमाई झाली अन् फक्त पावशेर दूध?" मी एकदा चेष्टेने विचारलं.

तो भात्यावरून उठला नाही. "मास्तर, दरसाल दुष्काळ पडून राहिला काय? न पडो. लेकरांच्या उपासावर आलेला पैसा हाय हा. पुढल्या साली न्हाई येनार. मंग यंदाच खाऊन बसू काय?" मग हातातल्या कापसाच्या बोळ्याने त्याने तापलेल्या पातेल्यात कथील फिरवलं. एवढासा तुकडा, पण क्षणात बुडापासून काठापर्यंत पांढरी झाक पसरली. "हे एकाच जागी टाकलं तं बाकीचं भांडं कळकतं. बराबर पसरावं लागतंय."

मी त्या वर्षी बी.ए.च्या वर्गात नेमकं हेच शिकवत होतो. माणूस हातात आलेल्या महिन्याच्या पैशाकडे बघून खर्च ठरवत नाही, आयुष्यभरात साधारण किती मिळत राहील याचा अंदाज बांधून ठरवतो. त्या अंदाजाला कायम मिळकत म्हणायचं. एखाद्या वर्षी अचानक जास्त आलं तर त्यातलं थोडंच खर्च होतं, उरलेलं पुढच्या वर्षांसाठी राहतं. पण कायमचं वाढलं, तर खर्चही जवळपास तेवढाच वाढतो. एरवी मुलं जांभया देत हे उतरवून घेत. त्या वर्षी मी उदाहरण शोधायला लांब गेलो नाही, कारण गल्लीच्या दुसऱ्या टोकाला नरसिंग राहत होता.

नरसिंग बौद्धवाड्यातून आलेला, पाटबंधारे खात्यात रोजंदारीवर शिपाई. महिन्याकाठी शंभर पडायचे. त्र्याहत्तरच्या एप्रिलात तो कायम झाला आणि पगार दोनशेवर गेला. म्हणजे त्याचीही मिळकत वर्षाला बाराशेनेच वाढली. आदेश हातात पडल्या दिवशी, पहिला पगार व्हायच्या आधीच, त्याने हप्त्याने सायकल घेतली. आठवड्याभरात रेडिओ आला. महिन्याभरात तो कुडाची खोली सोडून विटांच्या खोलीत राहायला गेला आणि पोरीला दोन नवे पोशाख शिवले. गल्लीने त्याला उधळ्या ठरवलं. नबीभाई चिक्कू आणि नरसिंग उधळ्या. लोकांना कुठल्याच बाजूने चैन पडत नाही.

मी फळ्यावर मांडून दाखवलं. दोघांना यंदा बाराशे जास्त. नबीभाईला एकदाच. पुढची दहा वर्षं धरली, व्याज बाजूला ठेवलं, तर ते वर्षाला एकशेवीस, म्हणजे महिन्याला दहा. नरसिंगला तेच बाराशे निवृत्तीपर्यंत दरसाल, म्हणून तो महिन्याला जवळजवळ शंभराने खर्च वाढवू शकतो. एक दहाने वाढला, दुसरा शंभराने, आणि दोघांनीही अगदी शहाण्यासारखं केलं. वर्गात पहिल्यांदाच कुणी जांभई दिली नाही. माणसं ओळखीची होती ना.

हे सगळं मी खुशीत शिकवलं. पुढे काय वाढून ठेवलंय ते मला माहीत नव्हतं.

त्र्याहत्तरच्या जूनमध्ये दोघांच्याही मुली कॉलेजात आल्या. कमरुन्निसा आणि नरसिंगची पद्मा, दोघी एकाच शाळेतल्या, एकाच बाकावरच्या. कमरुन्निसा तालुक्यात पहिल्या पाचांत आली होती. तिच्या मोहल्ल्यातून तोवर एकही मुलगी कॉलेजात गेली नव्हती, आणि नबीभाई ज्याला त्याला सांगत सुटला होता की आपली पोरगी मास्तरीण होणार. वर्षाची फी आणि इतर खर्च मिळून दोनशे चाळीस रुपये. कॉलेजचा स्वतःचा गरीब विद्यार्थी निधी होता, त्यातून फी माफ व्हायची. नियम असा की पालकाचं मागच्या वर्षीचं उत्पन्न अठराशेच्या आत हवं.

वाचकहो, आता नीट बघा. मागच्या वर्षी नरसिंगचं उत्पन्न बाराशे होतं, कारण तो तेव्हा रोजंदारीवर होता. पद्माला माफी मिळाली. मागच्या वर्षी नबीभाईचं उत्पन्न चोवीसशे होतं, कारण तेव्हा दुष्काळ होता. कमरुन्निसाचा अर्ज फेटाळला. ज्याचा पगार जन्मभरासाठी दुप्पट झाला तो गरीब, आणि ज्याची कमाई पुन्हा शंभरावर येऊन बसली होती तो श्रीमंत!

मी त्या निधीच्या समितीवर शिक्षकांच्या बाजूने होतो. अध्यक्ष होते अमरसिंगजी, मोठे कापूसवाले, कॉलेजला देणगी दिलेले. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. दुष्काळाचं काम संपलं, पातेली परत गेली, या माणसाची खरी मिळकत आजही महिन्याला शंभर आणि फार तर दहा आहे.

"सर, नियम म्हणजे नियम," ते म्हणाले. "चोवीसशे म्हणजे चोवीसशे."

"अमरसिंगजी, तुमचा कापूस जानेवारीत विकला जातो. मग तुम्ही बारा महिन्यांची भाकरी जानेवारीतच खाता का? की जूनमध्ये पैसा येत नाही म्हणून जूनमध्ये तुम्हाला भिकारी म्हणायचं?"

बाकीचे सदस्य हसले. अमरसिंगजी हसले नाहीत. मतदान झालं आणि मी एकटा पडलो. हसणाऱ्यांनीही हात त्यांच्याच बाजूने वर केले.

नरसिंगला हे कळलं तसा तो नव्या सायकलवरून तडक कॉलेजात आला. ऑफिसात उभा राहून म्हणाला, "साहेब, आमी आता कायम झालो. आमाला माफी नगं. आमच्या पोरीची काढा अन् नबीभाईच्या पोरीला द्या." कारकून म्हणाला, अशी तरतूद नाही. एकाची माफी परत घेता येते, पण ती दुसऱ्याला देता येत नाही, ती निधीत जमा होते. नरसिंग बाहेर येऊन माझ्यासमोर थुंकला. "सर, आमी इमानदारीनं आलो तं कॉलेजचाच फायदा. ह्याला काय म्हनावं?"



शेवटी पद्माची माफी राहिली आणि तिने पुस्तकं घेतली की ती दोघींची असं ठरलं. नबीभाईने पोस्टातून दोनशे चाळीस काढले. त्याआधी वर्षभर दुधाला एकशेवीस गेले होते, म्हणजे आत एक हजार ऐंशी होते. आता आठशे चाळीस उरले. आणि पोस्टातून येताना त्याने दूधवाल्याला सांगितलं, उद्यापासून नको.

मी चिडलो. "अहो, दूध काहून बंद केलं? ते तर तुमच्या छातीसाठी होतं."

"मास्तर, चार सालाची फी नऊशे साठ होते. एक हजार ऐंशीतून ती गेली तं राहते किती? एकशेवीस." बोटं मोजून तो शांतपणे सांगत होता आणि मला त्याच्या शांतपणाचाही राग येत होता. "दहा साल पुरवायचे व्हते. चार सालात जातील. तं जातील. पोरगी मंधातच घरी बसवू काय?"

पुढच्या जूनमध्ये मला वाटलं, आता तरी न्याय होईल. मागच्या वर्षी नबीभाईची कमाई पुन्हा बाराशेच होती. अर्ज नियमात बसत होता. मी निश्चिंत मनाने बैठकीला गेलो.

अमरसिंगजींनी अर्ज बाजूला ठेवला. "याचे पोस्टात पैसे आहेत. मी चौकशी केली आहे. आठशे चाळीस. ज्याच्याकडे शिल्लक आहे तो गरीब कसा?"

माझा तोल गेला. "त्याने दावत दिली असती, पत्रे घातले असते, बायकोला पाटल्या केल्या असत्या, तर आज तुम्ही त्याला माफी दिली असती?"

"अर्थातच. मग शिल्लक नसती."

"म्हणजे त्याचा गुन्हा एवढाच की त्याने उधळले नाहीत?"

"सर, तुम्ही वर्गात बोलता तसं इथे बोलू नका," ते म्हणाले आणि पुढचा अर्ज उचलला.

त्या दिवशी मी घरी येऊन जेवलो नाही. हा कुठला न्याय होता? पहिल्या वर्षी म्हणाले, तुझी कमाई जास्त झाली. दुसऱ्या वर्षी म्हणाले, ती तू खाऊन का टाकली नाहीस? लोकांना काटकसर शिकवणारी भाषणं हेच अमरसिंगजी दर पंधरा ऑगस्टला करायचे. दुष्काळात धान्य पेवात कुणी राखून ठेवलं होतं ते साऱ्या गावाला ठाऊक होतं, पण त्यांच्या राखण्याला दूरदृष्टी म्हणायचं आणि कल्हईवाल्याने राखलं तर लबाडी.

संध्याकाळी मी नबीभाईला एक वाट सुचवली. राग डोक्यात होता, म्हणून सुचवली. पैसे काढून जाहेदाभाभींना दागिना करा, पोस्टात शिल्लक दिसणार नाही, पुढच्या वर्षी माफी मिळेल.

नबीभाईने लगेच हिशोब मांडला. "अन् दागिना मोडताना सोनार घट कापंल ती? मास्तर, तुमीच तं पोरांना शिकवता का पैसा पसरून वापरावा. आता त्या मानसाला दाखवाया म्हून मी एका जागी ओतू?"

आतून जाहेदाचा आवाज आला, "दागिना नको मला. लेकीची फी भरा." तो विषय तिथेच मिटला.

चार वर्षं तसंच चाललं. दर जूनला मी बैठकीत भांडायचो, दर जूनला हरायचो, आणि दर जूनला नबीभाई पोस्टात जायचा. सहाशे उरले, मग तीनशे साठ, मग एकशेवीस. व्याजाचे जे काही आले ते वह्यांना आणि परीक्षेच्या फीला गेले. खोकला वाढत गेला. थंडीत तो भाता चार वेळा दाबायचा आणि भिंतीला टेकून बसायचा. कमरुन्निसा कॉलेजातून येऊन बुरखा खुंटीला अडकवायची आणि भाता आपल्या हातात घ्यायची. हे बघून गल्लीतला कुणीतरी हमखास म्हणायचा, पोस्टात पैसा सडतोय आणि पोरीला राबवतोय, काय चिक्कू माणूस. मी दोघातिघांशी यावरून भांडलो आणि बोलणं सोडलं. त्यातल्या एकाशी अजून बोलत नाही.

सत्याहत्तरला कमरुन्निसा पहिल्या वर्गात बी.ए. झाली. शेवटच्या पेपरात मी तात्पुरत्या आणि कायम मिळकतीवर प्रश्न काढला होता असं गावात म्हणतात. पेपर विद्यापीठाकडून यायचा, माझा त्यात काही हात नव्हता. पण तो प्रश्न आला हे खरं आहे, आणि बाहेर येऊन ती म्हणाली होती, "सर, उदाहरण पाठ करावं लागलं नाही." पुढच्या वर्षी उरलेल्या एकशेवीसात नरसिंगने आपल्या पतपेढीचं कर्ज घालून तिचं बी.एड. केलं. कायम नोकरीवाल्यालाच पतपेढी कर्ज देते, आणि तो हक्क वापरायला त्याला याहून चांगलं कारण सापडलं नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीनंतर कमरुन्निसाला एका शाळेत रजेच्या जागेवर नोकरी लागली. तीन महिने, महिन्याला साडेतीनशे. गल्लीने पुन्हा कान टवकारले. नबीभाईने काय करावं? नरसिंगचं सगळं कर्ज फेडलं, उरलेले पोस्टात टाकले, आणि घरात एक बटाटासुद्धा जास्त आणला नाही. मी म्हटलं, आता तरी दूध सुरू करा. तो म्हणाला, "तीन म्हयन्याचं हाय, मास्तर. चवथ्या म्हयन्यात दूधवाल्याला काय तोंड दावू?"

एकोणऐंशीच्या जूनमध्ये एक दिवस सकाळी भाता वाजला नाही. मी घाबरून दार उघडलं तर नबीभाई पायरीवर उभा. हातात सरकारी कागद. हट्टा गावच्या शाळेतला नेमणुकीचा आदेश होता, आणि कमरुन्निसाने तो त्याला वाचून दाखवला होता, तरी त्याचं समाधान झालं नव्हतं.

"मास्तर, तुमी वाचा. हंगामी लिव्हलंय का कायम?"

मी वाचला. दोनदा वाचला, कारण मलाही खात्री करायची होती. "कायम रिकाम्या जागेवर. काम नीट केलं की निवृत्तीपर्यंत."

"म्हंजे दर म्हयन्याला?"

"दर महिन्याला. आणि ती सांगते आहे की तुम्हा दोघांना हट्ट्याला घेऊन जाणार."

 त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि तो निघाला. मी सदरा चढवून मागे गेलो. कोपऱ्यावर दूधवाला बाबूसिंग कॅन मांडून बसला होता.

"बाबूसिंग, अर्धा लिटर दे. आजपासून रोज. पैशे पुढल्या म्हयन्यात पोरीच्या पगारावर."

बाबूसिंगला आपण काय ऐकतोय ते कळेना. या माणसाने आयुष्यात कुणा दुकानदाराकडून उधारीवर काही घेतलं नव्हतं. त्याने लोटी भरून दिली.

आणि नेमके तेव्हाच अमरसिंगजी फिरायला निघालेले, हातात काठी. दूध बघून थांबले. त्यांना आदेशाचं आधीच कळलं असावं, गावात असल्या गोष्टी लपत नाहीत. हसत म्हणाले, "काय नबी, पोरीचा पगार अजून झाला नाही आणि अर्धा लिटर? मी सरांना तेव्हाच म्हणत होतो, याच्याकडे पैसा आहे."

माझ्या तोंडात शिवी आली होती. खरंच आली होती. पण नबीभाई आधी बोलला.

"पैसा तवाबी व्हता, शेठ," तो म्हणाला. "दहा सालाचं दूध व्हतं माझं त्याच्यात. ते तुमी पिऊन गेलात. हे आता माझ्या पोरीचं हाय."

अमरसिंगजी काठी आपटत निघून गेले. नबीभाई लोटी दोन्ही हातांनी धरून घराकडे चालू लागला, आणि खोकल्याची उबळ आली तेव्हा दूध सांडू नये म्हणून त्याने आधी ती माझ्या हातात दिली.